पुढच्या फोर्कचं गळकं सील : कामाच्या नोंदी

रविवार, २१ सप्टेंबर २०२५

मोटरसायकलच्या डाव्या फोर्कच्या पाईपवर पुन्हा तेलाचं कडं दिसलं. याच बाजूचं सील गेल्या वर्षीच्या पावसाळ्याआधी बदललं होतं. तेव्हा गॅरेजमध्ये नवं सील बसवून, तेल भरून गाडी संध्याकाळी हातात मिळाली होती. इतक्या लवकर पुन्हा गळती म्हणजे एक तर सील बसवताना त्याचा पाईपला टेकणारा ओठ कापला गेला असणार, नाही तर सीलला कापणारं काहीतरी अजून जागेवरच आहे. या वेळी ते शोधल्याशिवाय नवं सील घालायचं नाही.

गाडी दीडशे सीसीची, रोजच्या वापराची. मानपाड्याहून निघून घोडबंदर रोड, सर्व्हिस रोडचे खड्डे, मेट्रोच्या कामाची खडी, महिन्यातून एक-दोनदा गायमुखचा घाट. पुढे साधा टेलिस्कोपिक फोर्क आहे. क्रोम केलेला ३१ मिमीचा पाईप वरून येतो आणि ॲल्युमिनियमच्या खालच्या केसमध्ये सरकतो. केसच्या तोंडाशी ऑइल सील, ते अडकवणारी तारेची सर्क्लिप आणि सगळ्यात वर डस्ट सील. तेल बाहेर येऊ न देणं हे खालच्या सीलचं काम, चिखल आत जाऊ न देणं वरच्याचं.

खोलण्याआधी स्वस्तातला उपाय करून पाहिला. पुष्कळदा सील फाटलेलं नसतं, त्याच्या ओठाखाली वाळूचा कण अडकलेला असतो आणि त्या फटीतून तेल येत राहतं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि तिच्या टोकाला आकड्यासारखी खाच केली. पातळ पेचकसाने डस्ट सील वर सरकवलं, पट्टी ऑइल सील आणि पाईप यांच्यामध्ये घातली आणि पाईपभोवती गोल फिरवून वर ओढली. काळी चिकट माती निघाली, त्यात एक चकाकणारा कणही होता. दोनदा फिरवली, पुसलं, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-बारा वेळा दाबलं. पाईप कोरडा.

पाईपवर एक झिप टाय सैलसर आवळून डस्ट सीलला टेकवून ठेवला आहे. फोर्क दबला की केस त्याला वर ढकलते आणि तो जिथे पोचेल तिथेच थांबतो. फोर्क रोजच्या रस्त्यावर किती दबतो, ते त्यावरून कळेल.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पट्टीने भागलं नाही. काल गायमुखावरून आलो आणि आज सकाळी तेल केसवरून ओघळून कॅलिपरपर्यंत पोचलेलं होतं. डिस्क डावीकडेच आहे. आता गाडी चालवणं बंद. फोर्कचं तेल पॅडमध्ये मुरलं की ब्रेक लागल्यासारखा वाटतो आणि गाडी थांबत नाही. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून निघते, पण तेल प्यायलेले पॅड घासून किंवा भाजून पूर्ववत होतात यावर माझा विश्वास नाही. पॅड नवेच घेणार.

झिप टायचं माप घेतलं. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी केलं, म्हणजे फोर्क पूर्ण लांब होतो. त्या स्थितीत डस्ट सीलपासून टायपर्यंत १०४ मिमी. मॅन्युअलमध्ये फोर्कची पूर्ण चाल १२५ मिमी दिली आहे. म्हणजे घाटातल्या खड्ड्यांतही फोर्क तळाला आपटलेला नाही. हा १०४ चा आकडा पुढे लागणार आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम काढलं. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली फळी आणि तिच्याखाली गाडीचा जॅक. वॉचमन काका खुर्ची घेऊन शेजारीच बसले. "दसऱ्याच्या आधी जोडणार ना हो?" एवढा एकच प्रश्न त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत दिवसभर विचारला.

खोलताना क्रम महत्त्वाचा. दोन्ही पाईप धरणाऱ्या वरच्या टीचा बोल्ट आधी सैल करायचा, नाही तर तो टोपीच्या आट्यांना आवळून धरतो. मग खालच्या टीने पाईप धरलेला असतानाच वरची टोपी अर्धा आटा सैल करून ठेवायची. फोर्क एकदा हातात आला की ती टोपी फिरवायला पाईप कुठे धरायचा हा प्रश्न पडतो, आणि मग लोक क्रोमवर पाईप पाना लावतात. त्या पान्याच्या दातांच्या खुणा पुढे सील खातात.

दुसरा अडेल बोल्ट तळाला असतो. पाईपच्या आत डॅम्पर रॉड उभा असतो आणि तो केसच्या बुडातून ॲलन बोल्टने आवळलेला असतो. वरची टोपी आणि स्प्रिंग आधी काढून मग हा बोल्ट फिरवला, तर आतला रॉडही त्याच्याबरोबर गरगर फिरतो आणि बोल्ट जागचा हलत नाही. म्हणून टोपी पूर्ण न काढता, स्प्रिंग आतच ठेवून, आधी तळाचा बोल्ट सोडवायचा. चाक काढलं, फोर्क टीमधून उतरवला, जुनं गोणपाट अंथरून त्यावर उलटा उभा केला आणि शेजारच्या मुलाला केसवर जोर देऊन दाबायला लावलं. स्प्रिंग दबली की ती रॉडला धरून ठेवते. उजवा बोल्ट एका झटक्यात सुटला. डावा फिरत राहिला. शेवटी नाक्यावरच्या टायरवाल्याकडे नेला, त्याच्या हवेच्या गनने तो क्षणात निघाला. गनचा ठोका इतका जलद असतो की रॉडला सोबत फिरायला वेळच मिळत नाही.

तेल दोन वेगळ्या मापात काढलं. डावीकडून ११२ मिली, उजवीकडून १५८. मॅन्युअलप्रमाणे कोरड्या फोर्कमध्ये प्रत्येकी १७० जायला हवं, आणि निथळताना थोडं आतच चिकटून राहतं. म्हणजे उजवीकडचा आकडा ठीक आहे, डावीकडून मात्र बरंच तेल रस्त्यावर गेलं. दोन्ही तेलं राखाडी, तळाला चांदीच्या भुकटीसारखा गाळ. ते ॲल्युमिनियम आहे, पाईप केसच्या भिंतीला घासून निघालेलं. वास सडक्या मासळीचा. जुन्या फोर्क तेलाला तो येतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं तेल दुधाळ दिसलं तर, कारण मग आत पाणी गेलेलं असतं. इथे तसं नव्हतं.

स्प्रिंग काढताना कुठलं टोक वर होतं त्याला धागा बांधला. एका टोकाचे वेढे जवळजवळ आहेत, दुसऱ्याचे लांब.

रविवार, २८ सप्टेंबर

आजचा दिवस पाईपांचा. या सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात कमी केला जातो.

दोन्ही पाईप आधी रॉकेलने आणि मग साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात धरले. डोळ्यांना डावा स्वच्छच दिसत होता. मग कापसाचा बोळा घेऊन वरून खाली हलक्या हाताने फिरवला. पुढच्या अंगाला, म्हणजे चाकाने उडवलेली खडी जिथे आदळते तिथे, कापसाचे दोन-तीन तंतू अडकून राहिले. तिथे नख फिरवलं तर खरखर लागली. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं : शेजारीशेजारी दोन खड्डे, मोठा मोहरीच्या निम्म्याएवढा, तळ तपकिरी. मोठ्याच्या एका काठाला क्रोमचा पापुद्रा किंचित उचललेला होता. नखाने अडकलं ते तिथेच.

खड्डा दिसला की लगेच पाईप बाद होत नाही. तो कुठे आहे यावर सगळं ठरतं. डाव्या पाईपला डस्ट सीलची रेघ अजून दिसत होती, फोर्क पूर्ण लांब असताना सील जिथे असतं तिथली. तिथून खड्डा ६२ मिमी वर. मी बसलो की माझ्या वजनानेच फोर्क साधारण ३५ मिमी खाली बसतो, म्हणजे चालत्या गाडीवर तो खड्डा डस्ट सीलच्या जेमतेम २७ मिमी वर येतो. ऑइल सील त्याच्याही साधारण एक सेंटिमीटर खाली. सिग्नलला जरा जोरात ब्रेक मारला की फोर्क एवढा दबतोच. झिप टाय तर १०४ पर्यंत गेला होता. थोडक्यात, माजिवड्यापर्यंत जाईतो तो उचललेला पापुद्रा सीलच्या ओठावरून कितीदा तरी खाली-वर जातो आणि दर वेळी रबर थोडं थोडं खरवडतो. जुनं सील कापून पाहिलं. आतल्या ओठावर बरोबर पुढच्या बाजूला उभ्या बारीक रेघा होत्या, बाकी गोलाई नवीसारखी. सील वाईट नव्हतंच.

उजव्या पाईपला गंजाचे ठिपके जास्त आहेत, दिसायलाही ओंगळ. पण ते डस्ट सीलच्या रेघेपासून १५० मिमी वर, खालच्या टीच्या लगत आहेत. फोर्कची पूर्ण चालच १२५ आहे. सील तिथवर कधीच पोचणार नाही. तो गंज पुसून, वरून मेणाचा हात फिरवला की बास. बघणारा मात्र उजवा पाईप बदला म्हणेल आणि डावा ठेवा म्हणेल.

वाक तपासायला दोन्ही पाईप ओट्याच्या ग्रॅनाइटवर लोटले. खालून उजेडाची फट उघडझाप करताना दिसली नाही. नक्की माप उद्या लेथवाल्याकडे.

मंगळवार, ३० सप्टेंबर

काल संध्याकाळी वागळे इस्टेटमध्ये. आधी लेथवाल्याने व्ही-ब्लॉकवर पाईप ठेवून डायल लावला. डावा आणि उजवा दोन्ही सरळ. सुई एका रेघेच्या आसपासच हलली. मॅन्युअल ०.२ मिमीपर्यंत वाक चालवून घेतं, त्याच्या बरेच आत.

मग त्याच गल्लीतले हार्ड क्रोमवाले. त्यांनी खड्ड्यावर नख फिरवलं आणि पाईप परत माझ्या हातात दिला. "दादा, करून देतो मी. जुनं क्रोम उतरवायचं, नवं चढवायचं, मग ग्राइंडिंगला पाठवायचं. पण एवढ्याशा पाईपाला तुम्ही माझ्याकडे पैसे घालू नका. बुलेटचा, नाही तर मिळतच नाही असा पाईप आणा, तेव्हा बोला."

तिसरा मार्ग म्हणजे खड्ड्यात एपॉक्सी भरून, वाळल्यावर बारीक वॉटर पेपरने पाईपच्या पातळीला आणणं. मी तो मोडीत काढत नाही. टाचणीच्या टोकाएवढा, गुळगुळीत काठाचा खड्डा असेल तर १५०० आणि मग २००० नंबरच्या पेपरने काठ मारून, एपॉक्सी भरून कितीतरी गाड्या चालतात. पेपर मात्र पाईपभोवती आडवा फिरवायचा. उभा फिरवला तर त्या ओरखड्यांतूनच तेलाला वर यायला वाट मिळते. पण माझ्या खड्ड्याचा क्रोम सुटू लागलाय. काठ घासला की पुढचा पापुद्रा उचलणार, त्याखाली गंज सरकलेला असणारच. तिथे भरणं टिकत नाही.

डावा पाईप नवा घेतला. दुकानातच जुन्याला लावून पाहिला : लांबी, वरचे आटे आणि खालच्या टोकाजवळची भोकं. ही भोकं तेलाच्या येण्याजाण्याची वाट असतात. ती चुकीच्या उंचीवर किंवा वेगळ्या मापाची असली तर पाईप बसेल, सील टिकेल, पण डावा फोर्क उजव्यापेक्षा वेगळा वागेल. पहिला पाईप त्यासाठी परत ठेवला, दुसरा जुळला. सील मात्र दोन्ही बाजूंची घेतली, ३१×४३×१०.३ मापाची, सोबत डस्ट सील, तळाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर, ब्रेक पॅड आणि १० डब्ल्यू फोर्क तेल. तेल दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचं. बाटलीवर १० डब्ल्यू लिहिलेलं असलं तरी एका कंपनीचं दुसऱ्यापेक्षा बरंच पातळ निघू शकतं. खरा आकडा चाळीस अंशाला मोजलेल्या सेंटिस्टोक्सचा, तो बाटलीमागे किंवा माहितीपत्रकात असतो.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

काम बंद. वॉचमन काकांनी चाक नसलेल्या गाडीच्या हँडलला झेंडूचा हार घातला आणि पान्यांच्या डब्यावर आपट्याची पानं ठेवली. काल खंडेनवमीला पाने धुऊन ठेवले होते, त्यामुळे डबा पहिल्यांदाच इतका चकाचक आहे.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सीलं बसवली. आधी केसची तपासणी. या फोर्कला आत वेगळे बुश नाहीत, पाईप थेट ॲल्युमिनियमला घासत सरकतो. केस आतून खाल्ली गेली असेल तर पाईप डुगडुगतो, आणि डुगडुगणाऱ्या पाईपामागे कुठलंही सील किती धावणार? नवा पाईप तेल लावून केसमध्ये घातला, अर्ध्यावर ठेवून बाजूला हलवून पाहिला. हाताला खटका लागला नाही.

सील बसायची जागा चिंधीने पुसली, जुनी सर्क्लिप काढताना उठलेला एक बारीक चरा २००० च्या पेपरने मारला. डॅम्पर रॉड पाईपमधून घालून तळाचा बोल्ट नव्या वॉशरसकट, आट्यांना लॉकिंगचा थेंब लावून २० न्यूटन-मीटरला आवळला. इथेही रॉड फिरू नये म्हणून स्प्रिंग आणि टोपी तात्पुरती लावून दाबून धरलं.

सील पाईपच्या वरच्या टोकावरून घालताना सगळ्यात जास्त कापली जातात. टोकाची कड आणि टोपीचे आटे दोन्ही धारदार. दुधाच्या पिशवीचा तुकडा टोकावर ताणून बसवला, त्यावर फोर्क तेल चोपडलं आणि सील त्यावरून अलगद खाली आणलं. ज्या बाजूला आकडे छापलेत ती वर, ज्या बाजूला बारीक गोल स्प्रिंग दिसते ती खाली, तेलाकडे. ठोकायला पीव्हीसी पाईपचा तुकडा वापरला, पाईपवरून सैल सरकणारा आणि सीलपेक्षा बाहेरून थोडासा लहान. सीलच्या आणि त्याच्या मध्ये जुनं सील ठेवलं, म्हणजे ठोका सगळीकडे सारखा बसतो. हलके ठोके, प्रत्येकानंतर आत डोकावणं. सर्क्लिपची खाच पूर्ण गोल दिसेपर्यंत ठोकायचं. शेवटच्या दोन ठोक्यांना आवाज बदलतो, बोथटाचा टणक होतो. सील बुडाला टेकल्याची ती खूण. मग सर्क्लिप, आणि ती खाचेत सगळीकडे बसली का हे पेचकसाने फिरवून पाहिलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

तेल. प्रत्येक फोर्कमध्ये १७० मिली मोजून ओतलं, स्प्रिंग अजून बाहेरच. मग पाईप हळूहळू वर-खाली केला. सुरुवातीला हात मोकळाच जातो, आतून गुळगुळ आवाज येतो. डॅम्परमधली हवा निघाली की वर ओढताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा जड लागतो. तसा लागल्यावर दोन्ही फोर्क उभे बांधून ठेवले आणि चहा घेऊन आलो, बुडबुडे वर यायला वेळ हवा.

आता पातळी. फोर्क पूर्ण दाबून, पाईपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. डावीकडे १४८ मिमी, उजवीकडे १४०. मोजून ओतलेलं तेल सारखं असताना आठ मिमीचा फरक कशाने? उजवा फोर्क धुतल्यावर पूर्ण निथळला नसणार, जुनं थोडं आत राहिलं. हिशेब करून पाहिला : पाईप आतून २७ मिमी, म्हणजे आतलं क्षेत्रफळ पावणेसहा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. आठ मिमी म्हणजे साधारण साडेचार मिली. सिरिंजला पातळ नळी लावली, नळीवर १४८ मिमीवर चिकटपट्टीची खूण केली, खूण कडेला टेकवून नळी आत सोडली आणि हवा ओढली जाईपर्यंत तेल खेचलं. सिरिंजमध्ये पाच मिलीच्या थोडं आत आलं. दोन्ही बाजू सारख्या.

एवढ्या थेंबांची उठाठेव कशाला, असं शेजारच्या मुलाने विचारलं. तेलावरच्या मोकळ्या जागेत हवा बंद असते आणि फोर्क दबला की ती स्प्रिंगसारखीच वागते. माझ्या मापाने पूर्ण दाबल्यावर ती जवळपास निम्म्या जागेत येते. तेल जास्त भरलं तर ती आणखी कमी जागेत कोंबली जाते, फोर्क शेवटी दगडासारखा होतो आणि सगळा दाब सीलवर येतो. दहा मिली जादा तेल म्हणजे पातळी सतरा-अठरा मिमीने वर. म्हणून गळतंय तर जरा जास्तच भरा, हा सल्ला गळतीच वाढवतो.

स्प्रिंग धाग्याच्या खुणेने, टोपी, टीमध्ये दोन्ही पाईप सारख्या उंचीवर. चाक घातल्यावर ॲक्सलचा नट हातानेच लावला, जॅक काढला, ब्रेक न धरता हँडल पाच-सहा वेळा दाबलं आणि मगच पूर्ण आवळला. आधीच आवळला तर दोन्ही फोर्क एकमेकांकडे ओढलेल्या स्थितीत अडकतात आणि पाईप सीलला एका अंगाने रेटत राहतो. नवे पॅड, डिस्क पुसली, चालवण्याआधी ब्रेक लीव्हर घट्ट होईपर्यंत मारला.

जुनं तेल बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

कापूरबावडीपर्यंत जाऊन आलो. दोन्ही पाईपवर फिकट ओलसर पट्टा होता, बसवताना लावलेल्या तेलाचा. पुसून टाकला. संध्याकाळी डावा कोरडा, उजवा कोरडा. ब्रेक मारल्यावर नाक पूर्वीसारखं धपकन खाली जात नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

गायमुख घाट आणि परतीचा मुसळधार पाऊस दोन्ही झाले. पाईपवर धूळ बसलेली आहे ती सुकी, बोटाने उडते. तेल असतं तर तिचा चिखल झाला असता. तळाच्या दोन्ही बोल्टांखाली पांढरा कागद रात्रभर ठेवला होता, त्यावर डाग नाही. झिप टाय या वेळी ९७ मिमीवर थांबला. उजव्या पाईपच्या गंजाची जागा तशीच आहे, तिथे महिन्याने पुन्हा मेण लावायचं. तेल पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर बदलायचं, आणि तेव्हा काढलेलं दोन्ही बाजूंचं तेल मोजून या १७० शी ताडून पाहायचं.